घंटाकार वक्राखालचे संपूर्ण क्षेत्रफळ: ध्रुवीय सहनिर्देशकांची युक्ती

संख्याशास्त्रात प्रसामान्य वितरण ज्या वक्राने दाखवले जाते आणि ज्याला त्याच्या आकारामुळे घंटाकार वक्र म्हणतात, त्याच्या मुळाशी e^(−x²) हे दिसायला अगदी साधे फलन असते. x शून्य असताना या फलनाची किंमत १ असते आणि x दोन्ही दिशांना वाढत गेला की ती झपाट्याने उतरते; x = 1 येथे ती सुमारे ०.३६७९, x = 2 येथे ०.०१८३ आणि x = 3 येथे ०.०००१ इतकीच उरते, मात्र ती नेमकी शून्य कधीच होत नाही. हा वक्र आणि x अक्ष यांच्यामध्ये डावीकडच्या अनंतापासून उजवीकडच्या अनंतापर्यंत जे क्षेत्रफळ सामावते, ते पुढील निश्चित समाकलाने लिहिले जाते.

I = ∫ e^(−x²) dx,  x : −∞ → ∞

या समाकलाची किंमत √π, म्हणजे सुमारे १.७७२४५, आहे. ज्या फलनात वर्तुळाचा मागमूस नाही त्याच्या क्षेत्रफळात π यावा, याचे कारण ज्या रीतीने हे क्षेत्रफळ काढले जाते त्या रीतीतच दडलेले आहे, आणि म्हणून सूत्र पाठ करण्यापेक्षा रीतीची प्रत्येक पायरी का टिकते हे तपासणे अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.

अडचण नेमकी कोठे आहे

निश्चित समाकल काढण्याची नेहमीची पद्धत अशी की प्रथम प्रतिअवकलज शोधावा, म्हणजे ज्याचे अवकलन केल्यावर दिलेले फलन मिळते असे दुसरे फलन शोधावे, आणि त्यात वरची व खालची सीमा घालून वजाबाकी करावी. e^(−x²) च्या बाबतीत ही वाट बंद आहे. बहुपदी, घातांकी, लघुगणकी आणि त्रिकोणमितीय फलने घेऊन त्यांवर बेरीज, गुणाकार, भागाकार, मुळे काढणे व एकात दुसरे घालणे या क्रिया कितीही वेळा, पण सांत संख्येने, केल्या तरी e^(−x²) चा प्रतिअवकलज तयार होत नाही, हे फ्रेंच गणिती झोझेफ लिऊव्हिल यांनी १८३० च्या दशकात उभ्या केलेल्या सिद्धांतावरून सिद्ध होते. येथे एक भेद लक्षात ठेवावा लागतो. प्रतिअवकलज लिहिता येत नाही याचा अर्थ तो अस्तित्वातच नाही असा होत नाही, आणि क्षेत्रफळाची किंमत काढता येत नाही असा तर मुळीच होत नाही. एवढेच ठरते की ती किंमत दुसऱ्या मार्गाने काढावी लागेल.

तो मार्ग कोणत्या दिशेने असावा याचा धागा शेजारच्याच एका फलनात सापडतो. x·e^(−x²) या फलनाचा प्रतिअवकलज −½·e^(−x²) हा आहे, कारण −½·e^(−x²) चे अवकलन करताना घातांकातील −x² चा अवकलज −2x बाहेर येतो आणि −½ शी त्याचा गुणाकार होऊन x उरतो. म्हणजे e^(−x²) च्या शेजारी x हा एक गुणक असता तर सारे काम एका ओळीत संपले असते. पुढची सगळी युक्ती हा हरवलेला गुणक कोठून तरी प्रामाणिकपणे मिळवण्याची आहे. तो मनाने घालता येत नाही, पण एका मितीतून दोन मितींत गेल्यावर तो आपोआप मिळतो.

या समाकलाची किंमत पियेर सिमों लाप्लास यांनी १७७४ मधील संभाव्यतेवरच्या लेखात काढली होती, आणि कार्ल फ्रेडरिक गाऊस यांनी १८०९ मध्ये खगोलीय निरीक्षणांतील चुकांच्या विवेचनात हाच वक्र वापरताना या निष्पत्तीचे श्रेय लाप्लास यांनाच दिले. ध्रुवीय सहनिर्देशकांची रीत मात्र सामान्यतः सिमेऑं द्नी प्वासों यांच्या नावावर सांगितली जाते.

आधी सांतता, मग वर्ग

पट्टा अनंत लांबीचा असल्यामुळे त्याचे क्षेत्रफळ सांत आहे की नाही, हे प्रथम पाहावे. |x| ची किंमत १ किंवा त्याहून जास्त असेल तर x² हा |x| पेक्षा लहान नसतो, म्हणून e^(−x²) हा e^(−|x|) पेक्षा मोठा होऊ शकत नाही. १ पासून अनंतापर्यंत e^(−x) चे क्षेत्रफळ 1/e, म्हणजे सुमारे ०.३६७९, आहे. तेव्हा दोन्ही बाजूंच्या शेपट्यांचे मिळून क्षेत्रफळ ०.७३५८ पेक्षा जास्त नाही, आणि −१ ते १ या मधल्या भागात वक्राची उंची १ च्या वर जात नसल्यामुळे तेथील क्षेत्रफळ २ पेक्षा जास्त नाही. यावरून I ही २.७३५८ पेक्षा लहान अशी एक सांत धन संख्या ठरते. पाठ्यपुस्तकांत ही पायरी बहुधा गाळली जाते. पण ज्या राशीचा वर्ग करायचा आणि नंतर वर्गमूळ घ्यायचे, ती राशी सांत आणि धन आहे याची खात्री आधी असलेली बरी, कारण शेवटी √π आणि −√π यांपैकी एक निवडताना तीच कामास येते.

आता I चा स्वतःशीच गुणाकार करावा. समाकलातील चलाचे नाव केवळ सोयीचे असते. x च्या जागी y लिहिल्याने क्षेत्रफळ बदलत नाही. म्हणून पहिल्या अवयवात x आणि दुसऱ्या अवयवात y वापरून गुणाकार असा मांडला जातो.

I² = ( ∫ e^(−x²) dx ) · ( ∫ e^(−y²) dy ) = ∬ e^(−(x² + y²)) dx dy

दोन अक्षरे घेणे हा शिष्टाचार नसून येथे ती गरज आहे. दोन्ही ठिकाणी x ठेवले तर e^(−x²) चा e^(−x²) शी गुणाकार होऊन e^(−2x²) मिळतो असा भास होतो, आणि समाकलाचा वर्ग म्हणजे वर्गाचा समाकल असे चुकीचे समीकरण नकळत लिहिले जाते. गुणाकाराचे खरे स्वरूप असे की पहिल्या पट्ट्यातील प्रत्येक x ची दुसऱ्या पट्ट्यातील प्रत्येक y शी जोडी लागते, आणि अशा सर्व जोड्या म्हणजे संपूर्ण xy प्रतल. दोन एकेरी समाकलांचा गुणाकार एका दुहेरी समाकलात बदलण्याची मुभा येथे आहे, कारण फलन कोठेही ऋण नाही. ऋण नसलेल्या फलनांसाठी समाकलनाचा क्रम आणि गट कसेही बदलले तरी किंमत तीच राहते.

दुहेरी समाकलाचा अर्थ भूमितीच्या भाषेत सांगायचा तर तो एका घनाकृतीचे घनफळ आहे. प्रतलातील प्रत्येक बिंदूवर e^(−(x² + y²)) इतकी उंची उभारली की आरंभबिंदूवर १ उंचीचे शिखर असलेली आणि चारी दिशांना सारखी उतरत जाणारी टेकडी तयार होते. तिला y च्या एका स्थिर किमतीवर उभा छेद दिला तर छेदाचे क्षेत्रफळ e^(−y²)·I येते, आणि असे सर्व छेद मिळवले की घनफळ I² होते. म्हणजे वरच्या समीकरणाने टेकडीला समांतर उभ्या कापांत कापले आहे. कापण्याची दिशा बदलली तरी घनफळ बदलत नाही, आणि पुढच्या पायरीचा सगळा जोर या एका वाक्यावर आहे.

r हा गुणक कोठून येतो

x² + y² ही राशी पायथागोरसच्या प्रमेयानुसार (x, y) या बिंदूच्या आरंभबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग आहे. ध्रुवीय सहनिर्देशकांत बिंदूचे स्थान त्या अंतराने, म्हणजे r ने, आणि धन x अक्षापासून मोजलेल्या कोनाने, म्हणजे θ ने, सांगितले जाते; x = r cos θ आणि y = r sin θ असे त्यांचे नाते आहे. ही भाषा स्वीकारताच e^(−(x² + y²)) चे रूप e^(−r²) होते आणि कोन त्यातून पूर्णपणे नाहीसा होतो, कारण टेकडीची उंची दिशेवर अवलंबून नाही.

एवढ्यावर थांबून dx dy च्या जागी dr dθ लिहिणे ही या गणितातली सर्वांत वारंवार होणारी चूक आहे. dx dy हे प्रतलाच्या एका इवल्या चौकोनाचे क्षेत्रफळ आहे, पण dr dθ हे कोणत्याही तुकड्याचे क्षेत्रफळ नाही, कारण dθ हा कोन आहे, लांबी नाही. r आणि r + Δr या दोन वर्तुळांच्या मधला, Δθ कोनात बसणारा तुकडा घेतला, तर त्याचे क्षेत्रफळ दोन वर्तुळपाकळ्यांच्या क्षेत्रफळांतील फरकाइतके असते. रेडियनमध्ये मोजलेल्या Δθ कोनाच्या वर्तुळपाकळीचे क्षेत्रफळ त्रिज्येचा वर्ग गुणिले Δθ याच्या निम्मे असल्यामुळे

½·Δθ·[ (r + Δr)² − r² ] = ( r + ½·Δr )·Δr·Δθ

असे नेमके उत्तर मिळते. Δr = 0.1 आणि Δθ = 0.1 घेतले, तर r = 1 जवळच्या तुकड्याचे क्षेत्रफळ ०.०१०५ आणि r = 10 जवळच्या तुकड्याचे ०.१००५ भरते, त्रिज्या व कोन यांतील वाढ दोन्हीकडे सारखीच असूनही दूरचा तुकडा जवळजवळ दहापट मोठा आहे, कारण तेवढ्याच कोनाला दूरवर अधिक लांबीचा कंस सामोरा येतो. Δr लहान करत नेला की कंसातील ½·Δr विरून जातो आणि क्षेत्रफळ r dr dθ इतके उरते. चल बदलताना क्षेत्रफळ कितीपट होते हे सांगणाऱ्या या गुणकाला जॅकोबियन म्हणतात आणि तो x, y च्या अवकलजांच्या निर्धारकावरूनही काढता येतो, r cos²θ + r sin²θ = r. परंतु वर्तुळपाकळ्यांची वजाबाकी एकदा हाताने केलेली असली की हा r विसरण्याचा संभव फार कमी होतो.

हाच तो हरवलेला गुणक. आता सीमा ठरवाव्यात. प्रत्येक बिंदू नेमका एकदाच मोजला जावा यासाठी r शून्यापासून अनंतापर्यंत आणि θ शून्यापासून 2π पर्यंत घ्यावा लागतो. मूळ समाकलातील −∞ ही सीमा सवयीने r लाही लावली, तर r·e^(−r²) हे विषम फलन असल्यामुळे उत्तर शून्य येते, आणि धन उंचीच्या टेकडीचे घनफळ शून्य असू शकत नाही एवढ्यावरून ही चूक लगेच पकडता येते. योग्य सीमांसह

I² = ∫ dθ (0 → 2π) · ∫ r·e^(−r²) dr (0 → ∞) = 2π · [ −½·e^(−r²) ] (0 → ∞) = 2π · ½ = π

आणि I धन असल्यामुळे I = √π. समीकरणातला π येथे कोनाच्या पूर्ण फेरीतून आला आहे.

टेकडीचे घनफळ π आहे याचा पडताळा तिसऱ्या दिशेने कापूनही घेता येतो. जमिनीपासून z उंचीवर आडवा छेद दिला तर e^(−r²) = z, म्हणून r² = −ln z, आणि छेदाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ −π ln z होते; येथे ln म्हणजे e या पायाचा लघुगणक. शून्यापासून १ पर्यंत −ln z चा समाकल १ आहे, तेव्हा घनफळ पुन्हा π येते. या मार्गात जॅकोबियन लागत नाही, म्हणून r च्या गुणकाविषयी ज्याला शंका असेल त्याला हा पुरावा अधिक पटतो.

चौरस आणि वर्तुळ यांतील फट

काटेकोर वाचकाला वरच्या मांडणीत एक फट दिसायला हवी. अनंत सीमा असलेला समाकल म्हणजे सांत सीमांच्या समाकलाची अंतिम मर्यादा. I ची व्याख्या −R ते R या खंडावरून होते, त्याचा वर्ग केला की 2R बाजूच्या चौरसावरचा समाकल मिळतो. ध्रुवीय सहनिर्देशकांत मात्र वर्तुळ वाढवत नेले जाते. R कितीही मोठा घेतला तरी चौरस आणि वर्तुळ एकरूप होत नाहीत, उलट कोपऱ्यांचे क्षेत्रफळ वाढतच जाते. तेव्हा त्या कोपऱ्यांतले घनफळ शून्याकडे जाते हे दाखवणे आवश्यक ठरते.

त्यासाठी चौरसाला दोन वर्तुळांमध्ये पकडावे. R त्रिज्येचे वर्तुळ चौरसाच्या आत बसते आणि R√2 त्रिज्येचे वर्तुळ त्याच्या चारही कोपऱ्यांतून जाते. फलन धन असल्यामुळे मोठ्या प्रदेशावरचा समाकल मोठा असतो, आणि वर्तुळावरचा समाकल वरच्याच रीतीने नेमका काढता येतो. −R ते R या खंडावरच्या समाकलाला I(R) म्हटले तर

π·(1 − e^(−R²)) < I(R)² < π·(1 − e^(−2R²))

ही असमानता मिळते. R वाढवत नेला की दोन्ही टोकांना π येतो, म्हणून मधल्या राशीलाही π कडेच जावे लागते आणि फट बुजते.

या असमानतेचा उपयोग केवळ सिद्धतेपुरता नाही. R = 1 घेतल्यास ती I(1) ला १.४०९२ आणि १.६४८२ यांच्यामध्ये ठेवते, तर खरी किंमत १.४९३६ आहे. R = 2 साठी या सीमा १.७५६१ आणि १.७७२२ अशा जवळ येतात व खरी किंमत १.७६४२ असते. R = 3 ला खालची सीमाच १.७७२३४ पर्यंत पोहोचते, म्हणजे −३ ते ३ च्या बाहेर राहिलेले सारे क्षेत्रफळ ०.०००२ हूनही कमी आहे. अनंत सीमा असलेला हा समाकल व्यवहारात किती थोड्या रुंदीत आटोपतो, हे या तीन ओळींवरून कळते.

उत्तर तपासण्याची सोपी रीत

कागदावरचे उत्तर संख्यांनी ताडून पाहण्यासाठी समलंब चौकोनाचा नियम पुरेसा आहे. वक्राखालचा भाग सारख्या रुंदीच्या समलंब चौकोनांत विभागून त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज करायची. टोकांना वक्राची उंची नगण्य असल्यामुळे ही बेरीज रुंदी गुणिले सर्व उंचींची बेरीज एवढीच होते. रुंदी १ घेतली तर 1 + 2·(0.367879 + 0.018316 + 0.000123) = 1.772636 येते. इतक्या ओबडधोबड विभागणीतही तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत पोहोचता येणे हे या वक्राचे खास वैशिष्ट्य आहे, इतर फलनांकडून तशी अपेक्षा करू नये. रुंदी निम्मी, म्हणजे ०.५, केली तर साध्या गणकयंत्रावर १.७७२४५ ही किंमत मिळते आणि ती √π शी सर्व दिसणाऱ्या अंकांत जुळते.

हा आकडा हाताशी असला की चुका स्वतःहून उघड्या पडतात. r हा गुणक विसरला गेला तर काय होते हे पाहण्यासारखे आहे: तेव्हा समाकल 2π गुणिले ∫ e^(−r²) dr (0 → ∞) असा होतो, त्यातला दुसरा अवयव म्हणजे I चा अर्धा भाग, म्हणून I² = π·I आणि त्यावरून I = π असे दिसायला नीटनेटके उत्तर हाती येते. ३.१४ आणि १.७७ यांतील तफावत पाहिल्याशिवाय ही चूक लक्षात येणे कठीण असते. शिवाय सुरुवातीला काढलेली २.७३५८ ही वरची सीमाही ३.१४ ला नाकारते. दुसऱ्या बाजूने, शेवटी वर्गमूळ घेणे राहून गेले तरीही उत्तर π च येते, तेव्हा π हे उत्तर आल्यास दोन्ही ठिकाणे तपासावीत. केवळ शून्य ते अनंत एवढाच समाकल हवा असेल तर θ ची सीमा पहिल्या चरणापुरती, म्हणजे शून्य ते π/2, ठेवावी. घनफळ π/4 आणि उत्तर √π/2 येते.

प्रसामान्य वितरणाकडे

संख्याशास्त्रात वापरला जाणारा वक्र शुद्ध e^(−x²) नसतो. त्यात माध्य μ, म्हणजे शिखराचे स्थान, आणि प्रमाण विचलन σ, म्हणजे पसाऱ्याचे माप, हे दोन आकडे असतात आणि घातांक −(x − μ)²/(2σ²) असतो. त्याखालचे क्षेत्रफळ काढण्यासाठी युक्ती पुन्हा पहिल्यापासून करण्याची गरज नाही. x = μ + σ√2·t असा चल बदलावा, म्हणजे घातांक −t² होतो आणि dx च्या जागी σ√2 dt येते; क्षेत्रफळ σ√2·√π, म्हणजेच σ√(2π), ठरते. एकूण संभाव्यता १ असली पाहिजे, म्हणून वक्राच्या सूत्रात पुढे 1/(σ√(2π)) हा गुणक लावलेला असतो. उदाहरणार्थ, माध्य ५० आणि प्रमाण विचलन १० असलेल्या वक्रासाठी हा गुणक ०.०३९८९ आहे, आणि तीच x = 50 येथील शिखराची उंची.

घातांक −ax² या रूपात असेल तर उत्तर √(π/a) असते. येथे a वर्गमुळाच्या आत की बाहेर, वर की खाली, याविषयी गोंधळ होतो. तो टाळण्यासाठी a = 4 घेऊन पाहावे: e^(−4x²) म्हणजे e^(−(2x)²), वक्र रुंदीने निम्मा झाला, तेव्हा क्षेत्रफळही निम्मे, √π/2, झाले पाहिजे, आणि √(π/4) तेवढेच आहे.

युक्ती कोठे चालत नाही

ही रीत इतकी सुबक आहे की ती इतर अवघड समाकलांवरही चालेल असे वाटते. ती चालण्यासाठी f(x)·f(y) हा गुणाकार केवळ x² + y² वर अवलंबून असावा लागतो, म्हणजे f(x)·f(y) = g(x² + y²) असे एखादे g असावे लागते. y = 0 ठेवल्यास f(x)·f(0) = g(x²) मिळते, आणि h(s) = g(s)/f(0)² असे लिहिल्यास अट h(s)·h(t) = h(s + t) या रूपात येते. संतत फलनांमध्ये ही अट फक्त घातांकी फलने पाळतात, म्हणून f चे रूप k·e^(cx²) याखेरीज दुसरे असूच शकत नाही. समाकल सांत राहावा यासाठी c ऋण असला की झाले. म्हणजे ही युक्ती घंटाकार वक्रासाठी आहे आणि जवळजवळ त्याच्यापुरतीच आहे. रॉबर्ट डॉसन यांनी २००५ मध्ये अमेरिकन मॅथमॅटिकल मंथली या नियतकालिकात हेच दाखवून दिले. e^(−x⁴) घेतले तर x⁴ + y⁴ हे r च्या साह्याने लिहिताना θ मागे उरतो, समाकल दोन स्वतंत्र अवयवांत तुटत नाही, आणि तेथे गॅमा फलनाचा आधार घ्यावा लागतो.

सांत खंडावरचे क्षेत्रफळही या रीतीने नेमके मिळत नाही, कारण तेव्हा प्रदेश चौरस असतो आणि चौरसाची सीमा r च्या एका किमतीने सांगता येत नाही. वर पाहिल्याप्रमाणे फक्त दोन बाजूंच्या मर्यादा मिळतात. एका प्रमाण विचलनाच्या आत ०.६८२७ इतकी संभाव्यता सामावते, हा परिचित आकडा म्हणूनच संख्यात्मक पद्धतीने तयार केलेल्या तक्त्यांतून किंवा संगणकाच्या erf या फलनातून घ्यावा. वर्तुळाकार प्रदेशाचा प्रश्न असेल तर मात्र उत्तर हाताने आणि नेमके येते. माध्य शून्य आणि प्रमाण विचलन σ असलेल्या, परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन प्रसामान्य राशींनी ठरलेला बिंदू आरंभबिंदूपासून σ अंतराच्या आत असण्याची संभाव्यता 1 − e^(−1/2), म्हणजे ०.३९३५, आहे, तर दोन्ही राशी वेगवेगळ्या −σ ते σ मध्ये असण्याची संभाव्यता ०.६८२७ चा वर्ग, म्हणजे सुमारे ०.४६६१, आहे. नेमबाजीच्या लक्ष्यापासून मोजमापातील चुकांपर्यंत दोन मितींचा प्रश्न आला की यांपैकी कोणता आकडा हवा आहे, हे प्रदेश वर्तुळ आहे की चौरस एवढे पाहूनच ठरवावे.